संपाचा अधिकार आणि मुंबईच्या गिरण्यांचा कायदा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे साठ कापड गिरण्यांतील अडीच लक्ष कामगारांनी जो संप आरंभिला, आणि जो पुढे विधिपूर्वक कोणी कधी मागे घेतलाच नाही, तो कायदेशीर होता काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यास विधिज्ञाला फारसा वेळ लागणार नाही. तो कायदेशीर नव्हता. सरकार तसे म्हणत होते, गिरणीमालक तसे म्हणत होते, आणि ज्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाचा आधार घेऊन ते तसे म्हणत होते त्या १९४६ च्या अधिनियमाची कलमे वाचली असता त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. परंतु याच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो त्या काळी जितक्या निग्रहाने विचारला जावयास हवा होता तितक्या निग्रहाने विचारला गेला नाही. तो असा की, परळ-लालबागच्या एखाद्या गिरणीतील ज्या कामगाराला कायदा तसूभरही न मोडता संप करावयाचा होता, त्याने काय करावयास हवे होते?

या प्रश्नाचा शोध घेण्यापूर्वी संघटनेचा हक्क कायद्यात कसा आला हे थोडे पाहिले पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांची जी सभा स्थापिली तिला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. तरीही त्याच वर्षी रविवारची सुटी पदरात पडली, कारण तेव्हा कायद्याने संघटनेला ओळखही दिली नव्हती आणि अडविलेही नव्हते. अडचण उद्भवली ती संघटना बळावल्यावर. मद्रासेत १९१८ साली बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने मजूर संघ निघाला, आणि तीन वर्षांच्या आत तेथील गिरणीच्या कंपनीने वाडियांवर उच्च न्यायालयात दावा लावून मनाई हुकूम मिळविला. दाव्याचे कारण असे की, त्यांनी कामगारांना नोकरीचा करार मोडण्यास चिथावले. कराराच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे ही फिर्याद बिनचूक होती. दोन व्यक्तींमधील करार तिसऱ्याने मोडावयास लावला तर तो नुकसानभरपाईस पात्र होतो. आणि ज्याने हजार कामगारांना काम थांबविण्याचा सल्ला दिला त्याने, या न्यायाने, हजार करार मोडावयास लावलेले असतात! या तर्काने जगातील कोणताही संप कोणत्याही पुढाऱ्याला देशोधडीस लावू शकेल. ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मजूर संघांना संरक्षण देण्याविषयी ठराव आणला, आणि १९२६ साली जो मजूर संघ अधिनियम झाला त्याचा सारा प्राण दोन कलमांत होता. सतराव्या कलमाने नोंदणीकृत संघाच्या पदाधिकाऱ्यांना, संघाच्या कायदेशीर उद्दिष्टांसाठी सभासदांनी आपसात केलेल्या कराराबद्दल, कटाच्या फौजदारी आरोपापासून मुक्त केले. अठराव्या कलमाने औद्योगिक कलहाच्या ओघात करारभंगास प्रवृत्त केल्याबद्दलच्या दिवाणी दाव्यापासून मुक्त केले.

येथपर्यंत कायद्याने दिले ते एवढेच की, संघ काढणे हा गुन्हा नव्हे. मालकाने त्या संघाशी बोललेच पाहिजे असे मात्र त्याने कोठेही म्हटले नाही. सक्तीच्या मान्यतेसाठी १९४७ साली दुरुस्ती अधिनियम मंजूर झाला खरा, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना कधी निघालीच नाही. तो कायदा दप्तरातच पडून राहिला. पुढे राज्यघटनेने १९ व्या अनुच्छेदात संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य मूलभूत म्हणून दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयापुढे बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात १९६१ साली असा युक्तिवाद झाला की, ज्या संघाला परिणामकारक वाटाघाटी करता येत नाहीत आणि संप करता येत नाही तो संघ नावापुरता आहे, म्हणून संघाच्या हक्कातच या दोन्ही गोष्टी अंतर्भूत समजाव्यात. न्यायालयाने तो अमान्य केला. घटना संघ स्थापण्याची हमी देते, त्या संघाचे हेतू सिद्धीस जातील याची हमी देत नाही, असा निवाडा झाला. आणि संपाचा प्रश्न ज्या त्या कायद्याच्या कलमांवर सोपविला गेला. निवाडा घटनेच्या शब्दांना धरून आहे आणि त्यात दोष काढण्याचा माझा मानस नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, संपाचा हक्क किती आणि कोठवर, हे ठरविण्याचा सारा भार त्या साध्या कायद्यांच्या रचनेवर येऊन पडला. आणि म्हणूनच त्यांची रचना बारकाईने तपासणे अगत्याचे झाले.

मुंबई इलाख्यातील रचनेचे मूळ १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकात आहे. संपापूर्वी समेटाची कारवाई सक्तीची करणारे आणि ती टाळून केलेला संप दंडनीय ठरविणारे हे विधेयक काँग्रेस मंत्रिमंडळाने आणले, तेव्हा विधानसभेत डॉ. आंबेडकरांनी त्याला जो विरोध केला तो केवळ विरोधी पक्षाचा विरोध नव्हता. त्यांचे प्रतिपादन असे की, संप म्हणजे सेवेच्या कराराचा भंग; करारभंगाचा उपाय दिवाणी नुकसानभरपाई हा आहे; त्यालाच गुन्हा ठरवून शिक्षा सांगणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्याची चाकरी करावयास लावणे, आणि अशा स्थितीला गुलामगिरी हेच नाव आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. ज्या आंबेडकरांचे गिरणी कामगार युनियनशी दहा वर्षांपूर्वी कडाक्याचे मतभेद झाले होते, कारण अस्पृश्य कामगारांना विणाईच्या खात्यात शिरकाव नव्हता आणि युनियनच्या मागण्यांत त्या अन्यायाला स्थान नव्हते, तेच त्या दिवशी तिच्या पुढाऱ्यांबरोबर उभे राहिले, ही गोष्ट जाता जाता नमूद करण्याजोगी आहे. विणकर धोट्याचे सूत तोंडाने ओढून घेत, आणि ते उष्टे होते म्हणून सवर्ण कामगार तेथे अस्पृश्याला येऊ देत नसत. बहुमताचा संघ हा सर्वांचा संघ असतोच असे नाही, हे आंबेडकरांइतके कोणाला ठाऊक असणार?

विधेयक मंजूर झाले. आठ वर्षांनी, गुलझारीलाल नंदा मुंबईचे मजूरमंत्री असता, त्याची जागा १९४६ च्या अधिनियमाने घेतली. नंदांचा पिंड अहमदाबादच्या मजूर महाजनात घडलेला. एका उद्योगात एक संघ असावा, त्याने मालकांशी सामोपचाराने बोलावे, न जमल्यास लवादाकडे जावे, ही गांधीजींनी १९१८ च्या संपानंतर तेथे रुजविलेली वहिवाट. तीच मुंबईच्या कायद्यात उतरली. हेतू वाईट नव्हता. एकाच गिरणीत चार संघ, प्रत्येकाची मागणी दुसऱ्याहून वरचढ, आणि मालकाने कोणाशी करार केला तरी उरलेले तीन तो फेटाळणार, ही दुरवस्था टाळावयाची होती. म्हणून त्या स्थानिक क्षेत्रातील त्या उद्योगाच्या कामगारांपैकी किमान पंचवीस टक्के ज्याचे सभासद आहेत त्या संघाला ‘प्रातिनिधिक संघ’ म्हणून नोंदवावयाचे, आणि त्या सर्व कामगारांच्या वतीने, सभासद असोत वा नसोत, बोलण्याचा अधिकार त्याच्याकडे द्यावयाचा, असे ठरले. मुंबईच्या सूतगिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला.

आता तो कायदा पाळणारा कामगार घेऊ. १९८१ सालची दिवाळी आली आहे, बोनसचा जो करार प्रातिनिधिक संघाने केला तो त्याला पसंत नाही, कायद्यात बोनसची कमाल मर्यादा वीस टक्के आहे तर आपल्याला ती का नाही, असे त्याला वाटते. आणि शेजारी राहणारा त्याचा गाववाला गेली कित्येक वर्षे बदली म्हणून रोज पाळीच्या वेळी दरवाजावर उभा राहतो, कोणी गैरहजर असेल तर आत जातो, नसेल तर परततो, त्यालाही कायम करावे असे त्याला वाटते. पगारवाढ मागावयाची तर अधिनियमाप्रमाणे ‘बदलाची नोटीस’ द्यावी लागते. ती कामगाराला मालकाकडे थेट देता येत नाही. ती कामगारांच्या प्रतिनिधीमार्फतच जावी लागते, आणि प्रातिनिधिक संघ असेल तेथे प्रतिनिधी तोच. म्हणजे ज्या संघाच्या कराराविरुद्ध तक्रार, त्याच संघाच्या हातून नोटीस! संघाने ती दिली नाही तर नोटीस नाही, आणि नोटिशीवाचून व समेटाची कारवाई पुरी झाल्यावाचून केलेला संप सत्त्याण्णवाव्या कलमान्वये बेकायदेशीर. वकील देऊन स्वतः औद्योगिक न्यायालयात जावे म्हटले, तर प्रातिनिधिक संघ उपस्थित असता व्यक्तिशः कामगाराला तेथे उभे राहता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने याच अधिनियमाच्या एका प्रकरणात ठरवून ठेवलेले. आणि संघाच्या हाती आणखी एक मुभा: तो स्वतः होऊन कलह औद्योगिक न्यायालयाच्या लवादाकडे पाठवू शकतो, आणि तसे झाले की त्या बाबीवर संप करता येत नाही.

मग संघ बदलावा. त्याचीही तरतूद आहे, आणि तिचा तपशील पाहण्याजोगा आहे. नव्या संघाने निबंधकाकडे अर्ज करावयाचा की, आपले सभासद नोंदलेल्या संघाहून अधिक आहेत. ती संख्या ठराविक महिन्यांच्या मुदतीत सलग दाखवावयाची. ती एखाद्या गिरणीतील चालत नाही, सबंध मुंबईतील हवी. म्हणजे एखाद्या गिरणीतील झाडून सारे कामगार नव्या संघात आले तरी त्या गिरणीपुरतेही त्यांना बोलता येत नाही. अडीच लाखांचे पंचवीस टक्के म्हणजे साठ हजारांवर माणसे; तितक्यांच्या वर्गणीच्या पावत्या महिन्यामागून महिना फाडावयाच्या. पण येथे खरी मेख आहे ती पावती फाडण्याच्या जागेची. मान्यताप्राप्त संघाच्या पदाधिकाऱ्यांना, जेथे पगार वाटतात त्याच आवारात वर्गणी गोळा करण्याचा, सूचनाफलक लावण्याचा आणि गिरणीच्या आत कामगारांशी बोलण्याचा हक्क अधिनियमानेच दिला आहे. प्रतिस्पर्धी संघाला यांतले काहीही नाही. त्याचा कार्यकर्ता दरवाजाबाहेर पावतीपुस्तक घेऊन, पाळी सुटून गर्दीने घराकडे निघालेल्या माणसांना थांबवणार. शिवाय संघ बदलण्याच्या प्रश्नावर कामगारांचे गुप्त मतदान घेण्याची सोय कोठेही नाही. आपला पुढारी कोण हे कामगाराला सांगावयाचे तर ते चिठ्ठीने सांगता येत नाही, पावतीने सांगावे लागते, आणि पगाराच्या खिडकीपाशी ज्याला बसता येते त्याच्याकडेच ती बहुधा फाडली जाते.

या कोंडीचे उत्तर म्हणून १९८२ चा संप झाला. कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या घरी गेले, कारण ठाण्या-मुंबईच्या इतर कारखान्यांत त्यांनी पगारवाढीचे मोठे करार करून दाखविले होते. आणि संपाच्या मागण्यांत पगार व बदलीचा प्रश्न यांच्या जोडीला १९४६ चा अधिनियम रद्द करा ही मागणी आली. ती राजकीय मागणी म्हणून हिणवली गेली. माझ्या मते त्या मागण्यांपैकी सर्वांत अधिक कायद्याच्या पोटातून आलेली ती होती. मालक आणि सरकार यांनी कायद्याच्या आधारे उत्तर दिले की, आम्ही फक्त प्रातिनिधिक संघाशी बोलू. आणि ज्या संघाच्या मागे संपावरील कामगार नव्हते त्याच्याशीच ते बोलत राहिले. संप टिकला, गिरण्यांनी साठे विकले, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतले, कामगार कोकणात आणि घाटावर गावी गेले, आणि १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले तोवर संपाचा पराभव निश्चित झाला होता.

सामंतांची बाजू मी सर्वथा उचलीत नाही. बेमुदत संप पुकारून, तडजोडीची किमान रेषा कोणती हे न ठरविता, लाखो घरांच्या चुली त्यावर लावणे हा पुढाऱ्याचा दोष आहे, आणि पावत्यांचा जो बिकट मार्ग कायद्याने ठेवला होता तो आधी चालून न पाहता संपाला हात घातला गेला, हेही खरे. परंतु तो मार्ग न चालल्याबद्दल पुढाऱ्याला दोष देणे वेगळे, आणि त्या मार्गाच्या शेवटी दरवाजा होता असे समजणे वेगळे.

यावरून मला संपावरील मर्यादांची एक कसोटी सुचते. कायद्याने संपावर बंधने घालू नयेत असे मी म्हणत नाही. नोटीस हवी, म्हणजे मालकाला मागणी मान्य करण्यास अवधी मिळतो. रुग्णालय आणि पाणीपुरवठा यांना अधिक हवी. समेटाची संधी हवी. आणि संपाआधी सभासदांचे गुप्त मतदान हवे, म्हणजे चार आवाजी कार्यकर्त्यांच्या जोरावर हजारांची रोजी बुडत नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यताप्राप्त संघविषयक कायद्यात संपापूर्वी मतदानाची अट घातली गेली. मला ती उत्तम तरतूद वाटते, आणि गिरण्यांच्या कायद्यात ती संघाच्या निवडीसाठीही असावयास हवी होती. पण प्रत्येक मर्यादेला एकच प्रश्न विचारावा: तिचे पालन करीत, एकेक पायरी चढत, शेवटी कामगार अशा जागी पोहोचतो काय, जेथे त्याला कायद्याने संप करता येतो? पोहोचत असेल तर ती मर्यादा आहे. पोहोचत नसेल तर ती बंदी आहे, आणि तिला मर्यादा म्हणणे ही सभ्य भाषेतील बनवणूक आहे. सरकारी सेवकांबाबत ही बनवणूकही उरलेली नाही. तामिळनाडू सरकारने २००३ साली लाखावर संपकऱ्यांना बडतर्फ केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिकही हक्क नाही असे स्पष्ट सांगितले. कायद्याचे न्यायालय नैतिकतेवर निवाडा देते तेव्हा ते आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर पाऊल टाकते, एवढीच नोंद येथे पुरे.

ही कसोटी आज ज्याला लावावयाची तो कायदा नवा आहे. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि पूर्वी सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती असलेली नोटिशीची अट तिने सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली. संघाच्या निवडीत ती १९४६ पेक्षा उजवी आहे, कारण वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळण्यास हजेरीपटावरील एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा हवा. संपाच्या बाबतीत मात्र तारखा मांडून पाहाव्यात. कामगारांनी १ मार्चला नोटीस दिली. चौदा दिवसांच्या आत संप नाही. नोटीस मिळताच समेट अधिकाऱ्याने ८ मार्चला पहिली बैठक घेतली. तिच्यापासून समेटाची कारवाई सुरू झाली, ती चौदा दिवसांत संपवावयाची, म्हणजे २२ मार्च. तोवर संप नाही, आणि पुढे सात दिवस नाही, म्हणजे २९ मार्चपर्यंत. येथवर सारे वाजवी आहे. पण समेट फसल्यावर कोणत्याही पक्षाला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि ‘कोणत्याही पक्षा’त मालकही आला. त्याने २५ मार्चला अर्ज केला की प्रकरण प्रलंबित. ते संपेपर्यंत संप नाही, आणि संपल्यावर आणखी साठ दिवस नाही. दरम्यान १ मार्चची नोटीस साठ दिवसांत शिळी होते. नवी दिली तर पुन्हा समेट, पुन्हा सात दिवस. निवाडा लागला तर तो चालू असेतो त्याच्या बाबींवर संप नाही. एवढे होऊनही ज्याने काम थांबविले त्याला हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही; आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तीही संपच.

पूर्वी कलह न्यायाधिकरणाकडे पाठविण्याचा अधिकार सरकारचा होता, आणि त्याला किमान जनतेला जबाबदार तरी धरता येत असे. आता तो एका अर्जाने मालकाच्या हाती आला आहे. संघाच्या निवडीचा दरवाजा संहितेने उघडला, आणि संपाचा दरवाजा पलीकडच्या बाजूने लावता येईल असा करून ठेवला.

संसदेने यात एक लहानशी दुरुस्ती करावी, अशी माझी सूचना आहे. न्यायाधिकरणापुढील कारवाईने होणाऱ्या संपबंदीला ठराविक दिवसांची मुदत घालावी, नव्वद म्हणा. त्या अवधीत निवाडा झाला नाही आणि अर्ज मालकाचा असेल, तर गुप्त मतदानात बहुमताने ठराव केलेल्या कामगारांचा संप कायदेशीर समजावा. जे खासदार कामगारांच्या सभांत संघटनेच्या हक्काचा जयघोष करतात, त्यांनी हे एक कलम मांडून दाखवावे.